सरासरी खर्च तळाला कधी पोहोचतो?

चकलीच्या एखाद्या छोट्या कारखान्यात दिवसाला q किलो माल तयार करण्याचा एकूण खर्च, रुपयांत, असा धरू:

C = 900 + 100q + q²

यातले 900 रुपये म्हणजे जागेचे भाडे आणि ठरलेला पगार. एक किलोही माल काढला नाही तरी ते द्यावेच लागतात. 100q हा भाजणी-तेलाचा खर्च. q² येतो तो ताण वाढल्यामुळे: काम वाढले की जादा वेळेची मजुरी द्यावी लागते, माल वाया जातो.

सरासरी खर्च A = C/q. सीमांत खर्च म्हणजे उत्पादन किंचित वाढवले असता एकूण खर्च ज्या दराने वाढतो तो दर, म्हणजेच C चे विकलन, C′. इथे C′ = 100 + 2q.

A हा भागाकार असल्याने त्याच्या विकलनाला भागाकाराचा नियम लागतो. छेद गुणिले अंशाचे विकलन, त्यातून अंश गुणिले छेदाचे विकलन वजा करायचे आणि छेदाच्या वर्गाने भागायचे. छेद q आहे, त्याचे विकलन 1. म्हणून

A′ = (qC′ − C)/q² = (C′ − A)/q

सगळे मर्म या शेवटच्या रूपात आहे. q धन असल्याने A′ चे चिन्ह फक्त C′ − A वर ठरते. सीमांत खर्च सरासरीपेक्षा कमी असेतो सरासरी उतरते, जास्त झाला की चढते, आणि दोन्ही समान होतात तिथे A′ शून्य होतो.

कारखान्यात 100 + 2q = 900/q + 100 + q हे समीकरण सोडवले की q² = 900, म्हणजे q = 30. तिथे सरासरी आणि सीमांत दोन्ही खर्च 160 रुपये येतात. 20 किलोंना सरासरी 165 रुपये पडते, 40 किलोंना 162.50. पूर्ण किलोंत मोजले तरी हेच दिसते: तिसावा किलो 159 रुपयांना पडतो, एकतिसावा 161 ला.

नुसती समानता मात्र पुरेशी नाही. तो बिंदू तळाचा आहे की माथ्याचा, हे तपासावे लागते. त्या बिंदूपाशी A″ = C″/q येते, म्हणून सीमांत खर्च तिथे वाढता असेल तर तो नक्की तळच असतो. इथे C″ = 2, तेव्हा शंका उरत नाही. उलट खर्च 900 + 100q एवढाच असता, तर सीमांत खर्च कायम 100 राहिला असता, सरासरी नेहमी त्याच्या वर राहून उतरतच गेली असती आणि तळ कधी आलाच नसता.

हा बिंदू सर्वाधिक नफ्याचा आहे, असा समज सर्रास होतो. तो चुकीचा आहे. बाजारात चकली 180 रुपये किलोने खपत असेल, तर 30 किलोंवर नफा 600 रुपये होतो, 40 किलोंवर 700. ठरलेल्या भावात नफा सर्वाधिक होतो तो सीमांत खर्च त्या भावाइतका झाल्यावर, आणि इथे ते 40 किलोंवर घडते.