Explained: केसपेपरच्या रांगेत नंबर कधी येणार? हा हिशेब करून पाहा

सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी. पुढे 12 जण उभे आहेत. नंबर यायला किती वेळ लागेल?

त्यासाठी आधी खिडकीचा वेग पाहायचा. पाच जणांचे पेपर निघायला 15 मिनिटं लागली, तर एकाला सरासरी तीन मिनिटं, म्हणजे तासाला 20 जण. पुढच्या 12 जणांना साधारण 36 मिनिटं लागतील. मागे किती जण येऊन उभे राहिले, याचा तुमच्या वेळेशी संबंध नाही. मध्येच घुसणाऱ्यांचा मात्र आहे!

रुग्णालयाचा प्रश्न वेगळा असतो. सरासरी रुग्ण किती वेळ रांगेत असतो, हे प्रत्येकामागे घड्याळ न लावता काढायचं आहे. इथे ‘लिटल्स लॉ’ कामी येतो. अमेरिकेतले अभ्यासक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता मांडली. सूत्र एवढंच:

L = λ × W

L म्हणजे रांगेतली सरासरी माणसं (खिडकीवरचा माणूस धरून), λ म्हणजे तासाला येणारी माणसं आणि W म्हणजे प्रत्येकाचा सरासरी वेळ.

उदाहरण पाहू

समजा, खिडकी 9 ते 12 सुरू होती आणि 54 जण आले. म्हणजे तासाला 18. शिपायाने दर अर्ध्या तासाने डोकी मोजली: 6, 12, 16, 10, 7, 3. सरासरी 9. आता 9 भागिले 18, म्हणजे अर्धा तास. नंबर कोणत्या क्रमाने लागले, ज्येष्ठांना आधी घेतलं का, याने ही सरासरी बदलत नाही. कुणाच्या वाट्याला किती वेळ येतो, ते बदलतं.

अट एकच: मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी रांग जवळपास रिकामी हवी. नऊ वाजताच 40 जण उभे असतील, तर ते आले तेव्हापासून मोजायला हवं. कंटाळून निघून गेलेल्यांनाही धरायचं, नाहीतर उत्तर चुकतं.

एकच रुग्ण वाढला तर?

खिडकीचा वेग तासाला 20 आणि येणारे 18. मग तासाला दोघांची जागा मोकळी असूनही रांग का लागते? कारण लोक ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाला सारखा वेळ लागत नाही. येणं आणि काम दोन्ही असं अनियमित असेल, तर नेहमी वापरलं जाणारं सूत्र आहे:

W = 1 / (μ − λ)

μ म्हणजे खिडकीचा वेग. 20 वजा 18 म्हणजे 2, म्हणून अर्धा तास. आता तासाला 19 जण येऊ लागले, तर W थेट एक तास होतो आणि रांगेत सरासरी 19 जण दिसतात. रुग्ण एकानेच वाढला, वेळ मात्र दुप्पट.

हा फरक एका सकाळीत पूर्ण दिसणार नाही, कारण सूत्र रांग दीर्घकाळ चालू राहील असं धरतं. तासाला 21 जण आले, तर सूत्रच लागू होत नाही. रांग वाढतच जाते. तेव्हा दुसरी खिडकी उघडावी लागते किंवा एका पेपरला लागणारी तीन मिनिटं कमी करावी लागतात.