‘असो’ लिहिण्याआधी

सहकाऱ्याला पाठवायचा हा मेसेज बघा: “मागेही सांगितलं होतं, तरी परत आठवण करून देतो. स्टॉकची शीट अजून मिळालेली नाही. तुम्ही बिझी असाल, समजू शकतो. जमलं तर आज पाठवा. असो.”

एकही शब्द वावगा नाही, पण वाचणाऱ्याला टोमणा बसतो. लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, कारण लिहिताना त्याच्या डोक्यात स्वतःचा समजूतदार आवाज चालू असतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. ईमेलमधलं वाक्य उपरोधाचं की गंभीर, हे समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणेफेकीहून थोडंसंच बरं. आपलं वाक्य मुद्दाम उलट्या सुरात मोठ्याने वाचायला लावल्यावर मात्र हा फाजील विश्वास कमी झाला.

म्हणून आपला मसुदा एकदा चिडक्या आवाजात वाचावा. तो त्या आवाजात सहज बसला, तर दुसरी तपासणी करायची: एकेक वाक्य खोडून बघायचं आणि कामाची माहिती कमी होते का ते पाहायचं. वरच्या मेसेजात कामाचं आहे ते एवढंच, की शीट मिळालेली नाही आणि ती आज हवी आहे. ‘मागेही’ आणि ‘परत’मध्ये हिशेब काढलाय. ‘समजू शकतो’मध्ये उपकार आहेत, तर ‘जमलं तर’ ही खोटी सवलत, कारण न जमलेलं चालणार नाहीये. आणि एरवी ‘तू’ म्हणणारा आज अचानक ‘तुम्ही’वर आला असेल, तर बाकी काही वाचायचीही गरज नाही.

मऊ करायचं म्हणजे ‘कृपया’ किंवा स्मायली चिकटवायची नव्हे. कृपयाने मेसेजची सरकारी नोटीस होते आणि टोमण्यापुढची स्मायली जास्तच झोंबते. त्यापेक्षा वेळ, कारण आणि अडचण सांगायला जागा द्यावी: “स्टॉकची शीट आज चारपर्यंत मिळेल का? पाचला ऑडिटरना पाठवायची आहे. पूर्ण झाली नसेल तर झालीय तेवढी पाठव, बाकीचं मी बघतो.” शेवटचं वाक्य खरंच बघणार असाल तरच लिहा.

शीट दर महिन्याला उशिरा येत असेल, तर राग रास्त आहे आणि तो गोड शब्दांत लपवू नये. फक्त तो या मेसेजात कोंबायचा नाही, ग्रुपवर तर नाहीच. फोन करून सरळ म्हणावं, “तीन महिने शीट उशिरा येतेय आणि मला रात्री बसावं लागतंय. कुठे अडतंय?” कदाचित गोदामातून आकडेच उशिरा येत असतील.