चार्ज देताना वहीबाहेरचे काय लिहावे?

शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख कोणाला धड ठाऊक नव्हती, अशा एका अख्ख्या पिढीच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून ही तारीख घातली. पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत ३१ मे रोजी निरोपाच्या हारांची गर्दी असते. साखर कारखान्याच्या स्टोअरला ही तारीख फार अडचणीची आहे. गळीत हंगाम एप्रिलपर्यंत संपलेला असतो, मिल उघडून दुरुस्ती चालू असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडण्यापूर्वी लागणाऱ्या मालाच्या ऑर्डरी नेमक्या याच दिवसांत बाहेर गेलेल्या असतात. स्टोअर सर्वांत जास्त गुंतलेले असते, तेव्हाच स्टोअरकीपर चार्ज देतो.

चार्ज देण्याची रूढ पद्धत अशी की संगणकातून शिल्लक मालाची यादी छापायची, खाली ‘वरीलप्रमाणे माल बरोबर आहे’ असे लिहायचे आणि जाणाऱ्याने व येणाऱ्याने सह्या करायच्या. यादी शे-दीडशे पानांची भरते, आणि ती नव्या माणसाच्या फारशी उपयोगी पडत नाही. वहीत जे आहे ते तो उद्याही छापून घेऊ शकतो. वही कुठे चुकते आणि माल वहीत लिहिलेल्या जागेऐवजी कुठे पडलेला आहे, हे मात्र फक्त जाणाऱ्याला माहीत असते. चार्जच्या यादीला जोडायची टिपणी या वहीबाहेरच्या गोष्टींसाठी असते.

आधी जागेचे पाहू. बहुतेक स्टोअरांत प्रत्येक वस्तूला पत्ता असतो. ‘सी-०४-३’ म्हणजे सी रांगेतला चौथा रॅक, तिसरा कप्पा. नियमाप्रमाणे ठेवलेल्या मालासाठी एवढे पुरते, त्यावर टिपणीत शाई खर्च करू नये. लिहायचे ते अपवाद. कप्प्यात मावला नाही म्हणून माळ्यावर गेलेला माल, जड म्हणून यार्डात ताडपत्रीखाली असलेल्या प्लेटी, जागा नव्हती म्हणून इलेक्ट्रिक विभागाच्या खोलीत ठेवलेले केबलचे ड्रम. शिवाय जी जागा मुद्दाम निवडलेली आहे, तिचे कारणही लिहावे. गंधकाच्या गोणी ब्लिचिंग पावडरपासून लांब ठेवलेल्या असतील, तर त्या आगीच्या भीतीने तशा ठेवल्या आहेत. नव्या माणसाला ते माहीत नसेल, तर तो जागा मोकळी करण्याच्या उत्साहात दोन्ही एकाच भिंतीला लावील.

आता नोंदींतल्या चुका. टिपणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि लोक टाळतात तोही हाच, कारण चूक लिहिली की ती आपल्या माथी येईल असे वाटते. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, म्हणजे टिपणीत किती खोलात जायचे ते कळेल.

६३१२ क्रमांकाचे बॉल बेअरिंग घ्या. आतले भोक ६० मिलिमीटरचे. मोटारी आणि पंपांत हे सर्रास लागते. याचाच एक भाऊ आहे ६३१२ सी३. मापे तीच, पण गोळ्या आणि कड्या यांच्यामधली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. गरम चालणाऱ्या मोटारीत आतली कडी तापून फुगते, म्हणून ही जादा मोकळीक लागते. तिथे साधे बेअरिंग बसवले तर ते आवळते, आणखी तापते आणि जाम होऊ शकते. दिसायला दोन्ही सारखी, फरक फक्त कडीवर कोरलेल्या दोन अक्षरांचा. म्हणून स्टोअरमध्ये दोघांना वेगळे कोड असतात.

समजा, वहीत साधी १४ आणि सी३ ची ३, अशी एकूण १७ दिसतात. दोघांनी मिळून कप्पे रिकामे केले, प्रत्येक खोक्यातले बेअरिंग बाहेर काढून कडीवरचा क्रमांक वाचला, तर साधी ९ आणि सी३ ची ६ निघाली. एकूण १५. साध्यांत पाच कमी, सी३ मध्ये तीन जास्त. नुसते आकडे पाहिले तर चोरीचा वास येतो. मग गेल्या हंगामातल्या आवक नोंदी, म्हणजे जीआरएन, काढून पुरवठादाराच्या चलनांशी ताडून पाहिल्या. एका चलनावर ‘६३१२ सी३, ३ नग’ असे स्पष्ट होते, पण जीआरएन करणाऱ्याने सी३ कडे लक्ष न देता साध्याच्या कोडवर तीन नग चढवले होते. ते तीन तिकडून इकडे आणले की वहीप्रमाणे साधी ११ आणि सी३ ची ६ होतात. सी३ चा हिशेब जुळला. साध्यांत अजून दोनचा फरक राहतो. त्यातला एक रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये सापडला. पंप बंद पडला तेव्हा पाळीच्या इंजिनिअरने स्टोअर उघडून घेऊन बेअरिंग नेले, सही केली, पण दुसऱ्या दिवशी इश्यू स्लिप फाडायची राहिली. उरलेला एक कुठेच सापडला नाही.

टिपणीतली ओळ मग अशी होते: ‘बेअरिंग ६३१२ व ६३१२ सी३: प्रत्यक्ष ९ व ६. सी३ चे ३ नग चुकून साध्याच्या कोडवर जमा, चलन व जीआरएनच्या प्रती सोबत. साध्याचा १ नग रात्रपाळी रजिस्टरप्रमाणे पंपास दिला, इश्यू स्लिप बाकी. साध्याचा १ नग कमी, कारण सापडले नाही. देताना खोक्यावर विसंबू नये, कडीवरचा क्रमांक वाचावा.’

‘कारण सापडले नाही’ हे शब्द लिहायला धैर्य लागते, आणि माझ्या मते अख्ख्या टिपणीची विश्वासार्हता त्यावरच उभी राहते. शेवटच्या आठवड्यात एखादी खोटी इश्यू स्लिप करून तो एक नग उडवता येतो. तसे केले की वही जुळते, पण बेअरिंग कोणत्या यंत्राला लागले याची कायमची खोटी नोंद तयार होते. म्हणून चार्ज देण्याच्या काळात फरक जुळवण्याच्या नोंदी करूच नयेत. फरक लिहून ठेवावा, आणि त्याची मंजुरी सक्षम अधिकाऱ्याने रीतसर द्यावी.

हाच न्याय जास्तीच्या मालालाही लावावा. विभागांनी नेलेला पण न वापरलेला माल पावतीशिवाय परत येतो आणि एखाद्या कोपऱ्यात साठतो. अडीनडीला उपयोगी म्हणून पुष्कळ जुने स्टोअरकीपर तो वहीबाहेरच ठेवतात. हेतू वाईट नसतो. पण नव्या माणसाच्या हातात तपासनिसाला हा माल सापडला, तर तो कुठून आला याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. वहीबाहेरचा प्रत्येक नग टिपणीत यावा.

एककाचा घोळ ओळखायला सोपा आहे. संगणकावर शिल्लक उणे दिसते. तेलाची २१० लिटरची चार बॅरले आली आणि आवक ‘४’ अशी चढली, कारण ऑर्डर बॅरलांत होती. वाटप मात्र लिटरमध्ये होते. कोणी ५० लिटर नेले की शिल्लक उणे ४६. प्रत्यक्षात ७९० लिटर तेल समोर उभे असते. अशा वस्तूंची नावे आणि त्यांचे खरे एकक टिपणीत दिले, तर नवा माणूस उणे आकडा पाहून तातडीची खरेदी काढणार नाही.

राहिल्या बाकी ऑर्डरी. संगणक यांना सरसकट ‘प्रलंबित’ म्हणतो, पण त्या एका जातीच्या नसतात. चोवीस व्ही-बेल्टांपैकी अठरा आले आणि उरलेले सहा नकोत असे फोनवर ठरले, तर ऑर्डर रद्द झालेली नाही; ती फक्त जाणाऱ्याच्या डोक्यात रद्द आहे. पुढच्या महिन्यात सहा बेल्ट दारात उतरतील आणि बिल द्यावे लागेल. फोनवर ठरलेले सगळे टिपणीत लिहावे, आणि जमल्यास जाण्यापूर्वी पुरवठादाराला पत्र पाठवून ते पक्के करावे.

आलेला पण तपासणी न झालेला माल याहून नाजूक असतो. तो वहीत नसतो आणि यादीतही येत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. ती घेतली नाही तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते, आणि पैसे देण्याची मुदत, जी कराराने ठरवली तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, तेव्हापासून धावू लागते. चार्ज घेण्या-देण्याच्या गडबडीत हे पंधरा दिवस सहज निघून जातात. म्हणून अशा प्रत्येक मालापुढे तो दारात उतरल्याची तारीख हवी.

आणि दुरुस्तीला बाहेर गेलेली आपली मालमत्ता. परतीच्या गेट पासवर मोटार रिवाइंडिंगला जाते, मिलचा रोलर नवे कवच चढवायला जातो. गेट पासवर ‘मोटार १ नग’ एवढेच असते. तिचा पंखा, पंख्याचे कव्हर आणि पुली सोबत गेली की काढून स्टोअरमध्ये ठेवली, हे लिहिलेले नसेल तर मोटार पंख्याशिवाय परत येते. दुरुस्तीवाला म्हणतो पंखा आलाच नव्हता, आणि त्याला खोटे ठरवायला कागद नसतो.

एवढे सगळे निरोपाच्या सकाळी लिहून होत नाही. मोजणी दोघांनी मिळून करायची तर पंधरा दिवस तरी हवेत. महागाचा आणि बंद पडल्यास मिल थांबवणारा माल शंभर टक्के मोजावा, बाकीचा नमुन्यादाखल, आणि काय मोजले नाही तेही टिपणीत लिहावे. येणाऱ्याने ‘माल बरोबर आहे’ असे न लिहिता ‘मोजलेला माल टिपणीप्रमाणे मिळाला’ असे लिहून सही करावी. टिपणीच्या तीन प्रती कराव्यात: एक स्टोअरमध्ये, एक लेखा विभागात आणि एक जाणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. व्यवस्थापकांना एवढीच विनंती की उत्तराधिकाऱ्याचा आदेश १ जूनला काढू नका. तो मेच्या मध्यापर्यंत काढा, म्हणजे मोजताना दोघेही हजर असतील.