फोटोतला भरती-ओहोटीचा तक्ता वाचताना

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे पाहिलं की तो हाताशी असल्यासारखा वाटतो. पूर्ण ओहोटीला मधलं पाणी हटतं, खडक आणि वाळू उघडी पडते आणि माणसं चालत किल्ल्यात जातात. काही तासांनी त्याच वाटेवर माणूस बुडेल इतकं पाणी असतं. म्हणून सहलीच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पानाचा फोटो मोबाइलवर पाठवतो. फोटो बहुधा तिरका असतो, वरचं शीर्षक कापलेलं असतं आणि ट्यूबलाइटची चकाकी नेमकी आकड्यांवर पडलेली असते.

अशा पानावर प्रत्येक तारखेसमोर साधारण चार ओळी असतात. डावीकडे वेळ, उजवीकडे मीटरमध्ये पाण्याची उंची. नमुन्यादाखल एक दिवस घेऊ: ०३०५ ला ४.१, ०९२० ला ०.९, १५२५ ला ३.९, २१३० ला १.२. वेळ चोवीस तासांची आहे, म्हणजे १५२५ म्हणजे दुपारचे तीन पंचवीस. भरती कुठली आणि ओहोटी कुठली हे तक्त्यात बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, ते उंचीवरून ओळखायचं. मोठा आकडा भरतीचा, लहान ओहोटीचा, आणि ते एकाआड एक येतात.

फोटो पुसट असला तरी चुकीचा आकडा बहुतेक वेळा पकडता येतो, कारण समुद्राचा हिशेब पक्का आहे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. वरच्या ओळींमधली अंतरं पाहा: सव्वासहा तास, मग सहा तास पाच मिनिटं, पुन्हा तेवढीच. आता १५२५ मधला ५ चकाकीमुळे ३ दिसला आणि कुणी १३२५ वाचलं, तर आधीचं अंतर चार तास होईल आणि नंतरचं आठ. म्हणजे वाचण्यात चूक आहे. दुसरी तपासणी पुढच्या तारखेची. तीच भरती दुसऱ्या दिवशी सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येते, उधाणाच्या सुमारास त्याहून कमी आणि भांगाच्या दिवसांत तासाहूनही जास्त. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकलं की नजर खालच्या ओळीवर घसरते. अशा वेळी ही पन्नास मिनिटं ओळ जागेवर आणतात.

एखाद्या तारखेला तीनच ओळी दिसल्या तर मात्र फोटो कापला गेलाय असं समजू नये. रात्री अकरा पन्नासची भरती पुढे सरकून मध्यरात्रीपलीकडे गेली की ती पुढच्या तारखेत मोजली जाते.

खरी गफलत उंचीत होते. लोक फक्त वेळ पाहतात. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती बाराच्या आसपास येते, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या. तेव्हा उधाण असतं. पाणी उंच चढतं आणि तेवढंच खोल हटतं. अष्टमीच्या सुमारास उलट होतं. ओहोटी भर दुपारी येते, म्हणजे सहलीला अगदी सोयीची, पण ती भांगाची असते. मुंबईच्या अपोलो बंदरावर उधाणाच्या ओहोटीला पाणी सरासरी पाऊण मीटरच्या आसपास उतरतं, भांगाच्या ओहोटीला मात्र दोन मीटरच्या जवळच थांबतं. तक्त्यात दोन्हीकडे ओहोटीच असते, पण दुसऱ्या दिवशी वाट उघडी पडेलच असं नाही. ही उंची समुद्राच्या तळापासून मोजलेली नसते. समुद्र सहसा ज्या पातळीच्या खाली जात नाही, ती शून्य धरलेली असते. म्हणून फार खोल ओहोटीला क्वचित उणे आकडाही दिसतो आणि फोटोत ते बारीक उणे चिन्ह सहज हरवतं.

आता आपल्या नमुन्याच्या दिवसाकडे परत येऊ. ओहोटी नऊ वीसला, पाणी ०.९. समजा, वाटेची माहिती असलेल्या स्थानिक माणसाने सांगितलं की पाणी १.२ च्या खाली असलं तरच उतरा. मग नऊ वीसला निघायचं का? इथे तक्त्याशेजारचा आलेख कामाला येतो. आलेखात आडवा अक्ष वेळेचा आणि उभा उंचीचा असतो. १.२ वर आडवी रेघ कल्पून ती वक्ररेषेला कुठे छेदते ते पाहायचं. फोटो तिरका असेल तर मोबाइलच्या कडेला समांतर रेघ धरू नये. आलेखातल्याच चौकटीच्या रेघांना समांतर धरावी, नाहीतर अर्ध्या मीटरची चूक सहज होते.

आलेख नसेल तर दर्यावर्दींचा बाराव्या भागाचा हिशेब वापरता येतो. नऊ वीसपासून तीन पंचवीसपर्यंत पाणी ३ मीटर चढणार. त्याचे बारा भाग केले की एकेक भाग २५ सेंटिमीटरचा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे दहा वीसला पाणी १.१५, अकरा वीसला १.६५ आणि बारा वीसला २.४ मीटर. नऊ वीसला वाट धरून किल्ल्यात दीड-दोन तास रमलेला माणूस परत येतो तेव्हा अर्ध्या-पाऊण मीटरहून जास्त पाणी चढलेलं असतं, आणि तिसऱ्या तासात ते सर्वांत जोरात चढत असतं. उतरतानाही हाच हिशेब उलटा लावला की सव्वाआठच्या सुमारास वाट उघडते आणि साडेदहाच्या आत मिटते. म्हणजे ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागावं.

उरला प्रश्न कापलेल्या शीर्षकाचा. पान कुठल्या महिन्याचं, कुठल्या बंदराचं? इथे कोकणातली पाऊणकी उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. त्या दिवशी पंचांगात चतुर्थी असेल तर ०३०५ शी ते जुळतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतो. पण चतुर्थीला फोटोत भरती सातला दिसली, तर पान दुसऱ्या महिन्याचं, लांबच्या बंदराचं किंवा परदेशी घड्याळाप्रमाणे छापलेलं असणार. उंचीवरूनही बंदर ओळखता येतं. मार्मागोव्याला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या निम्म्याहून कमी असतो, तर भावनगरला उधाणात तो दहा मीटरच्या घरात जातो. शिवाय किनाऱ्यावरच्या बंदराचा तक्ता खाडीत आत लावला तर भरती तक्त्यातल्या वेळेहून उशिरा येते.

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी हे तक्ते आगाऊ छापतो. त्यात हिशेब चंद्र-सूर्याच्या ओढीचा असतो, त्या दिवशीच्या वाऱ्याचा नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा वाहत असेल तर त्याहून बराच. त्यामुळे पावसाळ्यात कागदावर ०.९ असलेली ओहोटी प्रत्यक्षात १.२ च्या रेघेखाली उतरतच नाही असंही होतं.