काढलेल्या माणसाबद्दल विचारलं, तर काय सांगाल?

“काढलेल्या माणसाबद्दल कोणी विचारलं तर हुद्दा आणि तारखा, बस्स. पुढे बोललं की अब्रुनुकसानीची केस. कायदाच आहे तसा.” कंपन्यांना कामगार कायद्याचा सल्ला देताना एचआरवाल्यांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय, की हल्ली मी फक्त “कोणतं कलम?” एवढंच विचारतो. उत्तर येत नाही, कारण असं कलमच नाही. तारखांपुरतं बोलणं हे कंपन्यांनी धास्तीपोटी स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. जुन्या दंड संहितेचं कलम ४९९ आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. त्याचे अपवाद मात्र तेच राहिले. त्यातला नववा इथे कामाचा: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. कायद्यातच त्याचं उदाहरण आहे. दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो की अमक्याला रोखीशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीबद्दल माझं मत बरं नाही. विचारणा करणाऱ्या नव्या मालकाला माणसाची खरी माहिती देणं याच जातीचं आहे. दिवाणी दाव्यातही अशा संवादाला मर्यादित संरक्षण मिळतं. मनात खुन्नस असल्याचं सिद्ध झालं की ते जातं.

पण ‘सद्भाव’ म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, तपासून बोलणं असा कायद्याचा अर्थ आहे. बहुतेक जण घसरतात ते इथेच.

एक काल्पनिक प्रकरण घ्या. वितरकाच्या गोदामातल्या रोखपालाने चार पावत्यांचे मिळून ३८,००० रुपये जमा केले नाहीत. कारणे दाखवा नोटीस गेली, चौकशी झाली, त्याचं म्हणणं ऐकलं, आरोप सिद्ध धरून त्याला बडतर्फ केलं. पोलिसांत तक्रार मात्र दिली नाही. वर्षभराने दुसऱ्या कंपनीतून ईमेल येतो: “हे तुमच्याकडून का गेले?”

“चोर आहे, घेऊ नका” असं लिहिलंत, तर दावा झाल्यावर चोरी सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. गुन्हा नोंदवलेला नाही, अप्रामाणिक हेतूचा पुरावा फाइलमध्ये असेल-नसेल. त्याऐवजी लिहा: “चार रोख पावत्यांची रक्कम जमा न केल्याचा आरोप अंतर्गत चौकशीत सिद्ध मानला गेला, त्यावरून सेवा समाप्त केली. पोलिस तक्रार केलेली नाही.” यातला शब्दन् शब्द फाइलमधून दाखवता येतो. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की वाचणाऱ्याच्या मनात अटकेचं चित्र उभं राहतं, आणि सुटी वाक्यं खरी असूनही त्यांचा एकत्रित अर्थ खोटा होऊ शकतो. बडतर्फीविरुद्धचा वाद कामगार न्यायालयात चालू असेल, तर तेही सांगा. बडतर्फी तिथे रद्द झाली असेल, तर हे वाक्यच आता वापरता येणार नाही.

“पण खरं बोललं की झालं ना?” हाही गैरसमज, निम्मा. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत पहिल्या अपवादासाठी विधान खरं तर हवंच, शिवाय ते लोकहितासाठी केलेलं हवं. म्हणून रेफरन्स देणाऱ्याने नवव्या अपवादाच्या चौकटीत राहावं: ज्याने विचारलं त्यालाच, जेवढं विचारलं तेवढंच. तोच मजकूर व्यवसायातल्या दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात, तर त्यातल्या बहुतेकांचं कोणतं हित राखत होतात, हे कोर्टाला सांगता येणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘गोपनीय’ असा शिक्का मारला म्हणून बचाव होत नाही. दिवाणी दाव्याला तिसऱ्या एका माणसाने वाचलं एवढंही पुरतं. फोनवरचं तोंडी बोलणंही कलमात येतं. “पुन्हा घ्याल का?” या प्रश्नाला “नाही” म्हणणं हे तुमच्याच निर्णयाबद्दलचं खरं विधान आहे, ते बिनदिक्कत सांगा.

आणि ते लाडकं वाक्य: “आम्ही काही बोलणार नाही हो, तुम्ही समजून घ्या.” वर एक सूचक खाकरा. हे म्हणणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित राहिलो. कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, आणि सूचक बोलण्यातून ऐकणारा काय समजला हे दाव्यात तपासलं जातं. रोखपालाबद्दलची ती दोन वाक्यं सिद्ध करता येतात. खाकऱ्याचा अर्थ समोरचा वकील सांगेल तो.