सरकारी रोख्याची किंमत कशी ठरते

केंद्र सरकारचा मुदतीचा रोखा विकत घेणारा माणूस खरे तर दोन गोष्टी विकत घेतो: दर सहा महिन्यांनी हाती येणारे व्याज, आणि मुदत संपताच परत मिळणारी मूळ रक्कम. या व्याजाला बाजारात कूपन म्हणतात. रोख्याची आजची किंमत म्हणजे या सगळ्या पुढच्या रकमांचे आजच्या पैशातले मोल. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या रुपयाचे मोल आजच्या रुपयापेक्षा कमी, दहा वर्षांनी मिळणाऱ्याचे त्याहून बरेच कमी. ते किती कमी, हे चालू व्याजदर ठरवतो.

उदाहरणासाठी एकच रोखा धरू. दर्शनी मूल्य १०० रुपये, कूपन ७ टक्के, मुदत अजून बरोबर १० वर्षे. वर्षाचे ७ रुपये एकदम मिळत नाहीत. दर सहामाहीला ३.५० रुपये मिळतात. म्हणजे एकूण २० हप्ते, आणि विसाव्या हप्त्यासोबत १०० रुपये. समजा, एवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांवर बाजारात आज ८ टक्के परतावा मिळतो आहे. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात हा वार्षिक दर सरळ निम्मा करतात. मग प्रत्येक सहामाहीचा दर ४ टक्के झाला.

पहिल्या हप्त्याचे आजचे मोल ३.५० भागिले १.०४, म्हणजे साधारण ३.३७ रुपये. दुसऱ्या हप्त्याला १.०४ ने दोनदा भागायचे, तिसऱ्याला तीनदा, असे विसाव्यापर्यंत. विसावा हप्ता आजच्या हिशेबात जेमतेम १.६० रुपयांचा उरतो. वीसही हप्त्यांची बेरीज ४७.५७ रुपये होते. शेवटी मिळणाऱ्या १०० रुपयांना १.०४ ने वीस वेळा भागले की ४५.६४ रुपये येतात. दोन्ही मिळून रोख्याची किंमत ९३.२० रुपये. बाजार ८ टक्के देत असताना ७ टक्क्यांचा रोखा १०० रुपयांना कोणी घेणार नाही. कमी कूपनची भरपाई ६.८० रुपयांच्या सवलतीने होते.

नवख्याचा हिशेब बहुतेक वेळा सहामाहीपाशीच चुकतो. वर्षाला एकच ७ रुपयांचा हप्ता धरून ८ टक्क्यांनी दहा वेळा भागले, तर उत्तर ९३.२९ येते. फरक नऊ पैशांचा दिसतो, पण एक कोटी दर्शनी मूल्याच्या व्यवहारात तो साडेआठ हजार रुपयांच्या घरात जातो. हप्ता निम्मा, दर निम्मा आणि कालखंडांची संख्या दुप्पट, हे तिन्ही बदल एकत्रच करावे लागतात. एक जरी राहिला, तरी उत्तर बिघडते.

रोखा दर वेळी हप्त्याच्या दिवशीच विकला जातो असे नाही. शेवटचा हप्ता मिळून ६० दिवस झाल्यावर तो विकला, तर त्या ६० दिवसांच्या व्याजावर विकणाऱ्याचा हक्क असतो, पण पुढचा पूर्ण हप्ता मात्र घेणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. म्हणून घेणारा सौद्याच्या किमतीशिवाय तेवढे साठलेले व्याज वेगळे देतो. आपल्याकडे सरकारी रोख्यांसाठी महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. ७ गुणिले ६० भागिले ३६०, म्हणजे १.१७ रुपये. पडद्यावर ९५ रुपये भाव दिसत असेल, तर खिशातून ९६.१७ रुपये जातात. भाव साठलेल्या व्याजाशिवाय सांगण्याचा प्रघात योग्यच आहे. नाहीतर हप्ता मिळालेल्या प्रत्येक दिवशी किंमत साडेतीन रुपयांनी कोसळल्यासारखी दिसली असती, आणि त्या घसरणीचा बाजाराशी काहीच संबंध नसता.

आता प्रश्न उलटा करू. बाजारात हाच दहा वर्षांचा रोखा, हप्ता नुकताच मिळालेला असताना, ९५ रुपयांना मिळतो आहे. मग त्यावर परतावा किती?

पटकन मिळणारे उत्तर म्हणजे करंट यील्ड. वर्षाचे कूपन ७ रुपये, त्याला ९५ ने भागले की ७.३७ टक्के. गुंतवलेल्या पैशावर वर्षभरात व्याजापोटी किती रोकड हाती येईल, एवढेच हा आकडा सांगतो. दरमहा घरखर्चासाठी व्याजावर अवलंबून असलेल्या निवृत्ताला तो उपयोगी आहे. पण ९५ ला घेतलेल्या रोख्याचे शेवटी १०० रुपये मिळणार आहेत, हे त्या आकड्याला ठाऊकच नसते. चढ्या भावाच्या रोख्यात ही उणीव उलट्या दिशेने दगा देते. बाजारदर ६ टक्के असेल, तर आपला रोखा १०७.४४ रुपयांचा होतो आणि करंट यील्ड ६.५२ टक्के दिसते. प्रत्यक्षात ७.४४ रुपये मुदतीअखेर बुडणार असतात, आणि खरा परतावा ६ टक्केच असतो. जुने, भरघोस कूपनचे रोखे केवळ करंट यील्ड दाखवून विकले जात असतील, तर गिऱ्हाइकाने इथेच थांबून दुसरा आकडा मागावा.

तो दुसरा आकडा म्हणजे यील्ड टू मॅच्युरिटी, बाजाराच्या बोलीत वायटीएम. ज्या एका दराने सर्व हप्ते आणि मूळ रक्कम आजच्या मोलात आणली की बेरीज बरोबर ९५ येते, तो दर. हे समीकरण विसाव्या घाताचे असल्याने दर थेट सूत्राने निघत नाही, अंदाज घेत घेत शोधावा लागतो. ८ टक्क्यांनी किंमत ९३.२० येते, म्हणजे दर जास्त धरला गेला. ७.५ टक्क्यांनी ९६.५३ येते, म्हणजे कमी धरला. उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. ९६.५३ पासून ९५ पर्यंतचे अंतर १.५३, आणि दोन किमतींमधले पूर्ण अंतर ३.३३. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वाटेतला साधारण ४६ टक्के भाग चालायचा, ०.२३. दर आला ७.७३ टक्के. ताळा पाहायचा तर हा दर धरून किंमत काढावी. ती ९४.९८ येते, म्हणजे दोन पैशांच्या आत. संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात हेच काम एका ओळीत होते:

```
=YIELD(DATE(2025,6,15),DATE(2035,6,15),0.07,95,100,2,4)
```

यातला शेवटून दुसरा 2 म्हणजे वर्षाला दोन हप्ते, आणि 4 म्हणजे ३०/३६० दिवसांची मोजणी. तो 2 चुकून 1 झाला, तरी तक्ता कुरकुर न करता वेगळेच उत्तर देतो. उत्तराची दिशा तपासायची सोपी खूण अशी: रोखा १०० पेक्षा स्वस्त असेल, तर कूपन सर्वांत लहान, करंट यील्ड मधले आणि वायटीएम सर्वांत मोठे असायला हवे. इथे ७, ७.३७, ७.७३ हा क्रम बरोबर आहे. १०० च्या वर भाव असेल, तर क्रम उलटतो.

वायटीएमच्या पोटात एक गृहीतक असते, आणि ते क्वचितच बोलून दाखवले जाते. मिळालेला प्रत्येक हप्ता त्याच दराने पुन्हा गुंतवला जाईल, असे ते मानते. तसे झाले तर ९५ रुपयांचे दहा वर्षांनी सुमारे २०३ रुपये होतात. त्यातले ७० रुपये कूपनचे, १०० मुद्दलाचे, आणि जवळपास ३३ रुपये निव्वळ व्याजावरच्या व्याजाचे. हप्ते तसेच पडून राहिले, तर हाती १७० रुपयेच येतात. सहामाही हिशेबाने तो परतावा ५.९० टक्के भरतो. कागदावरच्या ७.७३ पैकी केवढा भाग गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या शिस्तीवर आणि पुढच्या दरांवर अवलंबून आहे, ते यावरून कळते. बँकेच्या ठेवीशी तुलना करतानाही हाच धागा धरावा. ठेवीवर व्याज बहुधा तिमाही चक्रवाढीने मिळते, रोख्याचा दर सहामाहीचा असतो. दोन्ही वार्षिक चक्रवाढीच्या दरात आणूनच शेजारी ठेवावेत. रोख्याचा ८ टक्के दर तसा ८.१६ टक्के भरतो, ठेवीचा ८ टक्के ८.२४.

दर हलला की किंमत किती हलते, हा यापुढचा प्रश्न. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा मात्र तितका मुळीच चढला नाही. रेपो हा अल्पकाळाच्या उधारीचा दर आहे, तर रोख्याच्या किमतीला त्याच्या स्वतःच्या मुदतीचा बाजारदर लागू होतो. म्हणून बातमीतला दरबदल जसाच्या तसा सूत्रात घालू नये.

आपला रोखा ८ टक्के परताव्यावर, ९३.२० रुपयांना आहे असे धरू. परतावा ९ टक्के झाला, तर किंमत ८६.९९ होते, म्हणजे ६.२१ रुपयांची घट. परतावा ७ टक्क्यांवर उतरला, तर ती १०० होते, म्हणजे ६.८० रुपयांची वाढ. दर तेवढाच हलला, तरी फायदा तोट्याहून मोठा. याचे कारण असे की दर जसजसा वाढतो, तसतसा पुढच्या प्रत्येक टक्क्याचा दणका हलका होत जातो. आलेखावर किंमत सरळ रेषेत न उतरता वाकत उतरते, आणि हा वाक रोखेधारकाच्या बाजूचा असतो.

पूर्ण हिशेब न करता अंदाज हवा असेल, तर मॉडिफाइड ड्युरेशन वापरतात. या रोख्याचे ते ६.९७ आहे. म्हणजे परतावा एक टक्का हलला की किंमत सुमारे ६.९७ टक्के उलट दिशेला हलते, ९३.२० वर ६.५० रुपये. खरे आकडे ६.२१ आणि ६.८०. दोन्हीकडे तीस-एक पैशांचा फरक पडतो, तो त्या वाकाचा. लहान हालचालीत हा अंदाज अगदी चोख चालतो. टक्क्याच्या शंभराव्या भागाला, म्हणजे एका बेसिस पॉइंटला, किंमत साडेसहा पैसे हलते. एक कोटीच्या रोख्यांवर ते साडेसहा हजार रुपये होतात. दर दोन-तीन टक्के हलणार असेल, तर मात्र अंदाजावर विसंबू नये, सगळे हप्ते पुन्हा मोजावेत. ज्याचे कूपनच बाजारदराबरोबर बदलते, अशा तरत्या दराच्या रोख्याला हे गणित लागू पडत नाही.

मुदत सरत जाते तसे दोन बदल आपोआप होतात. परतावा ८ टक्क्यांवरच स्थिर राहिला, तरी वर्षभराने आपल्या रोख्याची किंमत ९३.६७ होते, आणि मुदतीला एक वर्ष उरले असता ९९.०६. दुसरा बदल असा की दराचा धक्काही बोथट होत जातो. दहा वर्षे बाकी असताना ८ चे ९ टक्के झाले, तेव्हा ६.२१ रुपये गेले होते. एकच वर्ष बाकी असताना त्याच बदलाने ९३ पैसे जातात.