उतारा नसेल, तर उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर खरंच देता येतं का?

'याचं उत्तर अ की ब?' असा प्रश्न आणि खाली चार पर्याय. प्रश्नाची सुरुवात 'उताऱ्यानुसार' या शब्दाने होते, पण उतारा मात्र सोबत नाही. तरीही उत्तरं येतात, आणि तीही ठामपणे. या उत्तरांवर किती विश्वास ठेवायचा? एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, स्पर्धा परीक्षेच्या सराव पेपरमध्ये हा प्रश्न आहे:

उताऱ्यानुसार शेततळ्यांचा मुख्य परिणाम कोणता?
(अ) पाणी जमिनीत मुरून परिसरातल्या विहिरींची पातळी वाढते
(ब) सगळ्यांच्या वाट्याचं भूजल काही जणांच्या ताब्यात जातं
(क) पावसाचं प्रमाण वाढतं
(ड) सर्व शेतकऱ्यांचं उत्पन्न सारखंच वाढतं

उतारा न वाचता तुम्ही काय निवडाल? 'क' तर लगेच बाद होतो. 'ड'मध्ये 'सर्व' आणि 'सारखंच' असे शब्द आहेत, म्हणून तोही संशयास्पद वाटतो. शेततळं म्हणजे पाणी अडवणं आणि जिरवणं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यामुळे बहुतेकांचं बोट 'अ'वर जाईल.

आता उतारा वाचा (तो या लेखासाठीच लिहिला आहे):

"शेततळं पावसाच्या पाण्यासाठी असतं, अशी आपली समजूत. पण अनेक बागायतदार तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून त्यात भरून ठेवतात. हे पाणी मुरत नाही, उन्हाने उडून मात्र जातं. तळंवाल्याची बाग उन्हाळ्यात तगते, पण शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठते. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं. असं तळं म्हणजे त्या पाण्यावर सांगितलेला आगाऊ हक्क."

उत्तर 'ब' आहे, आणि त्याबद्दल शंकेला जागा नाही. 'अ' तर उताऱ्याच्या थेट विरुद्ध जातो, कारण कागद अंथरलेल्या तळ्यातून पाणी मुरतच नाही.

मग 'अ' म्हणणाऱ्यांचं ज्ञान चुकीचं होतं का? तसंही नाही. उताऱ्यात कागद न अंथरलेल्या, ओढ्याचं वाहून जाणारं पाणी अडवणाऱ्या तळ्याचं वर्णन असतं, तर याच प्रश्नाचं बरोबर उत्तर 'अ' ठरलं असतं. प्रश्न तोच, पर्यायही तेच, पण उतारा बदलला की उत्तर बदलतं. म्हणजे उत्तर प्रश्नात नव्हतंच, ते उताऱ्यात होतं.

चुकीचा पर्याय 'खरा' का वाटतो?

आकलनाच्या प्रश्नात चुकीचे पर्याय सहसा मुद्दाम रचलेले असतात. एखादा पर्याय उताऱ्याच्या उलट असतो, एखाद्यात 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' असे शब्द घालून अर्थ ताणलेला असतो. सगळ्यात फसवा पर्याय म्हणजे एरवी खरा असलेला, पण उताऱ्यात नसलेला. ज्याने उतारा नीट वाचला नाही आणि सामान्य ज्ञानावर भागवलं, तो इथे अडकतो. म्हणूनच यूपीएससीच्या सीसॅट पेपरमध्ये उताऱ्यांच्या वर स्पष्ट सूचना असते की उत्तरं फक्त उताऱ्याच्याच आधारे द्यायची.

याचा गुणांवर काय परिणाम होतो तेही पाहा. या पेपरमध्ये ८० प्रश्नांना २०० गुण असतात, म्हणजे एका प्रश्नाला अडीच. चुकल्यास त्याचा एक तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे ०.८३ गुण कापले जातात. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली, तर चारात एकदा अडीच गुण मिळतात आणि तीनदा मिळून अडीच जातात. सरासरी हिशोब शून्य. पण सामान्य ज्ञान तुम्हाला पुन्हा पुन्हा त्या फसव्या पर्यायाकडेच नेत असेल, तर हिशोब शून्याच्याही खाली जातो.

शब्दाचा अर्थ तरी सांगता येईल?

याच उताऱ्यावरचा दुसरा प्रश्न: 'आगाऊ' या शब्दाचा उताऱ्यातला अर्थ कोणता? पर्याय आहेत 'उद्धट' आणि 'आधीच घेतलेला'. 'आगाऊ मुलगा' म्हटलं की पहिला अर्थ लागतो, 'आगाऊ रक्कम' म्हटलं की दुसरा. शब्दकोशात दोन्ही सापडतील. उताऱ्यात तो हक्काला जोडून आला आहे, म्हणून इथे दुसरा अर्थ बरोबर. शब्द ओळखीचा असूनही वाक्याशिवाय निवड करता येत नाही.

'लेखकाचा सूर कोणता?' किंवा 'योग्य शीर्षक निवडा' अशा प्रश्नांत तर संपूर्ण उतारा लागतो. आपल्या उताऱ्याची पहिली ओळ एका समजुतीची आहे आणि 'पण' या शब्दानंतर लेखक तिच्या विरुद्ध जातो. फक्त पहिली ओळ पाठवली, तरी सूर उलटाच समजेल.

पण कधीकधी अंदाज बरोबर येतो, त्याचं काय?

येतो, आणि त्यावर संशोधनही झालं आहे. १९९० मध्ये स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सॅट परीक्षेचे आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्यांशिवाय सोडवायला दिले. पाच पर्यायांतून नुसत्या नशिबावर २० टक्के उत्तरं बरोबर यायला हवी होती. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त आली.

याचं कारण असं, की काही प्रश्नच उत्तर फोडतात. आपला प्रश्न 'शेततळ्यांमुळे शेजारच्या विहिरी का आटल्या?' असा असता, तर उताऱ्याशिवायही 'अ' बाद झाला असता. पण अशा वेळी तपासली जाते ती पर्याय गाळण्याची हातोटी आणि आधीचं ज्ञान. उतारा समजला की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय बरोबर आलेला अंदाज आणि चुकलेला अंदाज, दोन्ही सांगताना सारखेच ठाम वाटतात. उतारा हाती येईपर्यंत त्यांतला फरक ओळखता येत नाही.

मग प्रामाणिक उत्तर कोणतं?

'उत्तर ब आहे' असं म्हणणारा नकळत आणखी एक दावा करत असतो: 'उताऱ्यात असं लिहिलं आहे.' उतारा पाहिलाच नसेल, तर हा दावा करता येत नाही. फार तर इतकं म्हणता येतं: 'क शक्य वाटत नाही, अ आणि ब यांतला निर्णय उताऱ्यावर आहे.' हे अर्धवट वाटलं, तरी जेवढं माहीत आहे तेवढंच त्यात सांगितलं आहे.

उत्तर मिळालं, तर ते तपासायची एक सोपी रीत आहे. 'उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यावरून?' असं विचारा. आपल्या उदाहरणात 'ब'साठी शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवता येतं, 'अ'साठी एकाही नाही. आणि प्रश्न तुम्हीच पाठवत असाल, तर उताऱ्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंतचा फोटो सोबत जोडा. उतारा अनेकदा आधीच्या पानावर सुरू झालेला असतो, ते पानही विसरू नका.